कोकणकडा चार हजार त्रिकोणांत : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर. डेटा आणि हद्द

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा लो-पॉली करायचा आहे. म्हणजे सपाट त्रिकोणी पैलू, टेक्स्चर अजिबात नाही, सगळी मदार रंगावर आणि उजेडावर. ट्रेकच्या ग्रुपमधल्या लोकांना फोनच्या ब्राउझरमध्ये बोटाने फिरवून बघता यावा, एवढाच उद्देश.

मर्यादा चार हजार त्रिकोणांची ठेवली आहे. फोनला झेपत नाही म्हणून नव्हे, साधा फोनही याच्या कितीतरी पट त्रिकोण आरामात काढतो. पण तळहाताएवढ्या पडद्यावर त्रिकोण वाढवले की पैलू इतके बारीक होतात की ते पैलू वाटतच नाहीत. मग ना धड लो-पॉली, ना धड खरा डोंगर.

उंचीचा डेटा एसआरटीएमचा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने मोजलेला, नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट मिळतो. आपल्याला लागणारा तुकडा `N19E073`. कमी-जास्त ३० मीटरला एक आकडा. पोकळ्या भरलेली आवृत्तीच घ्या. जुन्या आवृत्तीत जिथे रडारला काही दिसलं नाही तिथे -32768 लिहिलेलं असतं आणि ब्लेंडरमध्ये तिथे थेट पाताळात विहीर पडते.

गडाभोवतीचा चौकोन असा कापला:

```
gdal_translate -projwin 73.74 19.42 73.82 19.35 \
  -ot UInt16 -of PNG -scale 0 1500 0 65535 \
  N19E073.hgt gad.png
```

यात २८८ स्तंभ आणि २५२ ओळी येतात. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २९.२ मीटर आणि दक्षिण-उत्तर ३०.७ मीटर पडतं, त्यामुळे खरा चौकोन साधारण ८.४ किमी बाय ७.७ किमी. ब्लेंडरमध्ये प्लेन याच मापाचं घ्यायचं, १ एकक म्हणजे १ किमी. दोन्ही दिशांना आकड्यांमधलं अंतर सारखंच धरलं तर डोंगर पूर्व-पश्चिम पाच टक्के फुगतो. नुसत्या डोळ्याला कळत नाही, पण नंतर नकाशावरून कड्याची कड आखायला बसलं की काहीच जागेवर बसत नाही.

३ नोव्हेंबर. खोट्या पायऱ्या

वरच्या आज्ञेतलं `UInt16` महत्त्वाचं. आधीच्या फाइलमध्ये ते नव्हतं, चित्र आठ बिटांचं निघालं होतं. आठ बिटांत २५६ पायऱ्या, म्हणजे १५०० मीटरला प्रत्येकी सुमारे सहा मीटरची एक पायरी. एरवी हा घोळ बघताक्षणी ओळखू येतो, कारण डोंगरावर जिन्यासारखे टप्पे दिसतात. पण सह्याद्रीला टप्पे असतातच! लाव्हाचे थर एकावर एक रचून झालेला हा डोंगर, त्यामुळे पडद्यावरचे टप्पे बघून उलट आनंदच झाला होता की डेटात थर किती छान उतरलेत.

फरक ओळखायचा तो असा. खरे थर जाड-बारीक असतात आणि कड्याच्या बाजूला उठून दिसतात. आठ बिटांच्या पायऱ्या सगळीकडे सारख्याच उंचीच्या असतात, खाली कोकणातल्या भातखाचरांच्या सपाटीवरसुद्धा. चौकोनाचा सगळ्यात सपाट कोपरा गाठायचा आणि उजेड अगदी आडवा करून बघायचा. तिथेही पायऱ्या दिसल्या तर फाइल आठ बिटांची.

दुसरी गोष्ट ब्लेंडरमधली. उंचीचं चित्र उघडल्यावर त्याचा कलर स्पेस `Non-Color` करावा लागतो. तो `sRGB` वर राहिला तर ब्लेंडर त्या आकड्यांना रंग समजून वाकवतो. ११०० मीटरची जागा म्हणजे १५०० चा ०.७३ भाग, वाकवल्यावर तो ०.५० च्या आसपास येतो आणि पठार ७४५ मीटरवर बसतं. शिखर तेवढं जवळपास जागेवर राहतं, त्यामुळे सगळा गड अणकुचीदार दिसतो. सह्याद्रीत आल्प्स दिसायला लागले की आधी हे तपासा.

`Displace` मॉडिफायरमध्ये `Midlevel` शून्य केलं आणि `Strength` १.५. खरं प्रमाण ठेवलं की साडेआठ किलोमीटरच्या पसाऱ्यात गड चपटा दिसतो, म्हणून नंतर उंची सव्वापट केली. दीडपट करून बघितलं, पण मग गडापेक्षा आजूबाजूच्या टेकड्याच भाव खायला लागल्या.

५ नोव्हेंबर. `Decimate` आणि घसरगुंडी

पूर्ण जाळीत १,४५,००० च्या वर त्रिकोण आहेत. `Decimate`, `Collapse`, `Ratio` ०.०२७. चार सेकंदांत चार हजारांच्या आत. `Shade Flat` केलं आणि डोंगर तयार.

फक्त तो कुठलाही डोंगर होता. ग्रुपमधल्या एकाला चित्र पाठवलं. पावसाळा सोडून दर महिन्याला गडावर जाणारा माणूस. त्याचं उत्तर आलं, "अरे हा कोकणकडा नाही, घसरगुंडी आहे."

त्याचं बरोबर होतं, आणि याला कारणं दोन.

पहिलं कारण डेटातच आहे. रडार यानातून तिरकं बघतं. उभ्या कड्याचा काही भाग त्याच्या सावलीत जातो, काही भाग एकमेकांवर चढतो. तिथले आकडे दुसरीकडून आणून भरलेले असतात किंवा आजूबाजूच्या आकड्यांतून जुळवलेले. शिवाय ३० मीटरला एक आकडा असल्यावर काहीशे मीटरचा ताशीव कडा एक-दोन घरांत उरकतो आणि तो उरकताना कडेची धार गोल होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा खटाटोप, नेमकी तीच डेटात नाही.

दुसरं कारण `Decimate` चं. तो जाळीतली एकेक कड मिटवत जातो आणि प्रत्येक वेळी मूळ आकारापासून कमीत कमी लांब जायचं एवढंच बघतो. पठाराची कड ही रेघ आहे, ती सलग राहायला हवी, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. परिणामी एक बिंदू बरोबर कडेवर पडतो, दुसरा कडेच्या मागे पठारावर, तिसरा खाली कड्याच्या पोटात. त्यांना जोडणारे त्रिकोण अर्धे पठारावर, अर्धे कड्यावर असे तिरके बसतात. कड करवतीसारखी दिसते आणि पठार व कडा यांच्यामध्ये उतरंड तयार होते. आल्प्समधल्या धारदार कड्यांना हे चालून जातं, तिथे डोंगरच तिरक्या पैलूंचा. सह्याद्रीची ओळख मात्र तीन गोष्टींवर आहे: वर आडवं पठार, मध्ये उभा कडा, खाली तिरका उतार. या तिघांमधल्या दोन रेघा गेल्या की सह्याद्री गेला.

`Ratio` वाढवून काही होत नाही. वीस हजार त्रिकोणांवरही कड करवतीच राहिली, फक्त दाते बारीक झाले.

६ ते ९ नोव्हेंबर. कडा हाताने

यात सगळ्यात जास्त वेळ गेला. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर याच कामासाठी दोन मोकळे दिवस राखून ठेवावेत.

पूर्ण तपशिलाची जाळी मागे ठेवली, निवडता येणार नाही अशी. त्यावर `Snap` चालू करून `Face` निवडलं, म्हणजे ठेवलेला प्रत्येक बिंदू पृष्ठभागाला चिकटतो. मग कोकणकड्याची वरची कड बिंदूबिंदूने आखली. वरून बघितलं तर कडा अर्धवर्तुळाकार, पश्चिमेला तोंड करून उभा. वर्तुळाच्या आतल्या वळणावर बिंदू दाट आणि दोन्ही टोकांकडे विरळ, असे ४८ बिंदू झाले. तेवढेच बिंदू कड्याच्या पायथ्याशी. दोन्हीकडे संख्या सारखी ठेवली की `Bridge Edge Loops` ने एका दमात भिंत उभी राहते.

एवढ्याने भिंत सपाट दिसते, म्हणून मध्ये दोन आडव्या ओळी घातल्या. त्या सारख्या अंतरावर घेतल्या नाहीत. कड्यात जिथे कठीण, घट्ट बेसॉल्टचा थर आहे तिथे तो सरळ उभा राहतो, आणि दोन थरांमधला मऊ, सच्छिद्र भाग झिजून आत जातो. गवताच्या आडव्या पट्ट्या धरतात त्या तिथेच. ग्रुपमधले फोटो समोर ठेवून वरचा पट्टा जाड, मधला अरुंद, खालचा सगळ्यात जाड असा घेतला आणि मधला पट्टा किंचित आत ढकलला. ४७ चौकोनांचे तीन पट्टे, म्हणजे २८२ त्रिकोण. चार हजारांतले सात टक्के, आणि कोकणकडा ओळखू येतो तो एवढ्यांच्याच जोरावर.

आता बाहेर झुकलेली कड. उंचीच्या चित्रात एका जागेला एकच उंची असते, त्यामुळे खाली पोकळी आणि वर खडक हा प्रकार त्यात मावतच नाही. डेटा कितीही बारीक आणला तरी नाही. ट्रेकर लोक ज्याला नागाचा फणा म्हणतात तो आकार हातानेच काढावा लागतो. अर्धवर्तुळाच्या मधल्या भागातले कडेचे बिंदू पश्चिमेला ओढले. नेमकं किती ओढायचं याला फोटोंशिवाय आधार नाही. आधी भरपूर ओढलं तर कडा छज्जासारखा दिसू लागला, मग निम्म्यावर आणलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, समोरून बघताना हा झुकाव जवळजवळ कळत नाही. तो दिसतो बाजूने, आणि तेही कॅमेरा कडेच्या पातळीच्या खाली असेल तर. म्हणून पान उघडल्यावर पहिलं दृश्य नळीची वाट या घळीच्या बाजूने, खालून वर बघणारं ठेवलं आहे.

चौकोनांचे त्रिकोण करताना सगळे कर्ण एकाच दिशेला गेले आणि कड्यावर खालून वर तिरके पट्टे उमटले. `Triangulate` मध्ये `Fixed Alternate` घेतल्यावर नक्षी झाली, ती त्याहून वाईट. शेवटी `Shortest Diagonal` लावून काही कर्ण हाताने फिरवले. हे काम टाळून चौकोन तसेच ठेवायचा मोह होतो, पण चौकोनाचे चार कोपरे एका पातळीत नसतील तर तो कसा मोडायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. ब्लेंडरमध्ये बाहेर आलेला पैलू ब्राउझरमध्ये आत गेलेला दिसतो.

११ नोव्हेंबर. उरलेला मुलूख

पठार आणि मागचा तारामती शिखराचा भाग `Decimate` वरच ठेवला, फक्त कड्याच्या पट्टीएवढा भाग कापून. शिवणीवरचे बिंदू हाताने जुळवून एकत्र केले. ते काम कंटाळवाणं आहे, पण सांगण्यासारखं त्यात काही नाही.

कोकणाच्या सपाटीने मात्र वेगळाच त्रास दिला. `Collapse` ला सपाट भागात ठेवण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून तो तिथे मोजकेच बिंदू ठेवतो आणि त्यातून लांबलचक सुईसारखे त्रिकोण निघतात. स्थिर चित्रात ते लपून जातात. सूर्य फिरवून बघितला की जमिनीवर पात्यासारख्या रेघा चमकून जातात. तिथे `Decimate` पूर्ण काढला. ४०० मीटरची साधी जाळी घेतली, तिचे बिंदू थोडे इकडेतिकडे हलवले आणि मग उंची दिली. अडीचशेच्या आसपास त्रिकोणांत अख्खा पायथा बसला, सगळे पैलू साधारण एका मापाचे. सपाट जमिनीसाठी हुशार पद्धतीपेक्षा अडाणी जाळी बरी पडते.

१४ नोव्हेंबर. रंग

पैलूला रंग एकच हवा. उंचीनुसार रंग बिंदूंना दिला तर तो त्रिकोणाच्या आत पसरतो, आणि पठाराचं पिवळं गवत कड्यावरून खाली ओघळल्यासारखं दिसतं. जिओमेट्री नोड्समध्ये `Position` आणि `Normal` हे दोन्ही `Evaluate on Domain` मधून `Face` वर नेले. म्हणजे त्रिकोणाचा मध्य आणि त्याचा उतार. त्यावरून रंग काढून `Store Named Attribute` ने `Face Corner` वर साठवला.

रंग ठरतो आधी उतारावर, मग उंचीवर. नॉर्मलचा उभा घटक ०.८ च्या वर, म्हणजे उतार ३७ अंशांपेक्षा कमी, तिथे गवत. ०.४ च्या खाली, म्हणजे ६६ अंशांहून जास्त, तिथे काळपट तपकिरी कातळ. मधल्या उतारांवर झाडी. गवताचा रंग हिरवा ठेवायचा की सोनेरी यावर ग्रुपमध्ये बराच काथ्याकूट झाला. पावसाळ्यातला कोकणकडा बहुतेक वेळ ढगात असतो, आणि दिवाळीनंतर वर सगळं पिवळं पडायला लागतं, तेव्हा सोनेरीकडे झुकणारा घेतला.

ब्लेंडरमध्ये हे सगळं बघताना रंग मळके दिसत असतील तर रंगांच्या मागे लागू नका. ४.० पासून `View Transform` आपोआप `AgX` असतो, खऱ्यासारख्या प्रकाशाच्या दृश्यांसाठी ते उत्तम आहे, पण लो-पॉलीचे साधे चपटे रंग त्यात विटतात. `Standard` केलं की निवडलेला रंग तसाच दिसतो. ब्राउझरमध्ये मॉडेल दाखवणारं three.js मुळात टोन मॅपिंग करत नाही, त्यामुळे ब्राउझरमधलं चित्रही `Standard` शीच जुळतं. हे कळायच्या आधीची एक संध्याकाळ रंगांची संपृक्तता वाढवण्यात गेली, आणि ब्राउझरमध्ये गड गणपतीच्या मखरासारखा झगमगला.

१६ नोव्हेंबर. उजेड

दोनच दिवे आहेत. सूर्य एका दिशेने, आणि वर आकाशाचा व खाली जमिनीचा रंग देणारा हेमिस्फिअर लाइट. पैलू जितका आकाशाकडे वळलेला तितका वरचा रंग, जितका जमिनीकडे तितका खालचा, आणि मध्ये सरळ मिश्रण. लो-पॉली चित्रांत जी मऊ रंगछटा दिसते ती बव्हंशी यातूनच येते.

सूर्याची उंची किती, यावर पठार दिसणार की नाही ते ठरतं. पैलूचा उजळपणा सूर्याशी असलेल्या कोनाच्या कोसाइनवर चालतो. पठारावरचे पैलू जेमतेम चार-पाच अंश कललेले. सूर्य ७० अंशांवर असेल तर सपाट पैलूला ०.९४ आणि सूर्याकडे पाच अंश कललेल्याला ०.९७. तीन टक्क्यांचा फरक, डोळ्याला शून्य. पठार म्हणजे एक पिवळा डाग. सूर्य २० अंशांवर आणला की तेच आकडे ०.३४ आणि ०.४२ होतात. जवळजवळ चोवीस टक्के फरक, आणि प्रत्येक पैलू सुटा दिसतो. दुपारचा सूर्य लावून ‘पैलू उठत नाहीत’ म्हणून त्रिकोण वाढवत बसणारे बरेच दिसतात. तिथे कमतरता त्रिकोणांची नसते.

दिशा हा त्याहून नाजूक मामला. कडा पश्चिमेला बघतो, म्हणून सूर्य बरोबर पश्चिमेला ठेवला. कडा उजळला आणि त्याची गोलाईच गेली. कारण साधं आहे: अर्धवर्तुळाचा एक पंख नैर्ऋत्येला तोंड करतो, दुसरा वायव्येला. सूर्य बरोबर मधोमध असेल तर दोन्ही पंख त्याच्यापासून ४५ अंशांवर, दोघांनाही सारखा ०.६६ उजेड. वाटीचे दोन्ही काठ एकाच रंगाचे झाले की वाटी राहत नाही, ताट होतं.

सूर्य पश्चिमेपासून २६ अंश दक्षिणेला सरकवला. आता नैर्ऋत्येकडच्या पंखाला ०.८९ आणि वायव्येकडच्याला ०.३१. वळण एका नजरेत कळतं. ही जागा काही मनाने निवडलेली नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गडावर सूर्य २० अंश उंचीवर येतो तेव्हा तो साधारण तिथेच असतो.

```js
const hemi = new THREE.HemisphereLight(0xbfd3e6, 0x8a5a3c, 1.2);
const sun  = new THREE.DirectionalLight(0xffd9a0, 2.2);
sun.position.set(-10, 4, 5);
scene.add(hemi, sun);
```

ब्लेंडरमधून आलेल्या मॉडेलमध्ये पूर्व `+x`, उत्तर `-z`, वर `+y`. त्यामुळे `-10` म्हणजे पश्चिम आणि `5` म्हणजे थोडं दक्षिणेला.

तीव्रतेचे आकडेही अंदाजपंचे नाहीत. three.js च्या अलीकडच्या आवृत्त्यांत साध्या मटेरिअलवर पडलेला उजेड पाय (३.१४) ने भागला जातो. कड्याच्या मधल्या उभ्या पैलूला सूर्याचे २.२ × ०.८४ आणि हेमिस्फिअरचे १.२, बेरीज ३.०५. भागिले ३.१४, म्हणजे ०.९७. बेरीज ३.१४ च्या वर गेली की फिकट रंगांचे पैलू वरच्या टोकाला आपटून सगळे सारखेच पांढुरके होतात. मग गोलाईसाठी केलेली सगळी उठाठेव त्या एका भागात धुऊन निघते.

एवढं करूनही काही शेजारी पैलू एकमेकांत मिसळत होते. दोन पैलूंची दिशा वेगळी, पण सूर्याशी कोन मात्र सारखा, असं कुठे ना कुठे होतंच. तिथे प्रत्येक पैलूच्या रंगात तीन टक्क्यांपर्यंत कमी-जास्त केलं. पाच टक्के केल्यावर डोंगर ठिगळांचा दिसतो.

सावल्या बंद ठेवल्या आहेत. सपाट पैलूंवर शॅडो मॅपचे काळे पट्टे उमटत होते आणि ते घालवायला बायस वाढवला की सावली कड्यापासून सुटून तरंगते. यामुळे पूर्वेकडच्या दरीतले काही पैलू खऱ्यापेक्षा उजळ दिसतात. चालवून घेतलं.

१९ नोव्हेंबर. फोनवर

सपाट पैलूंसाठी फाइलमध्ये नॉर्मल लागतच नाहीत. glTF च्या नियमाप्रमाणे नॉर्मल दिलेले नसतील तर दाखवणाऱ्याने सपाट नॉर्मल स्वतः काढायचे असतात, आणि three.js चा लोडर तेच करतो. ब्लेंडरच्या एक्सपोर्टमध्ये `Normals` वरची खूण काढली. चार हजार त्रिकोण, प्रत्येकी तीन स्वतंत्र बिंदू, दर बिंदूला १२ बाइट, म्हणजे तब्बल १४४ केबी वाचले. गडाच्या आसपास जिथे रेंज रडतखडत येते तिथे एवढंही जाणवतं.

पहिल्या एक्सपोर्टमध्ये गड पांढराशुभ्र आला. रंग साठवलेले होते, पण मटेरिअलला जोडलेले नव्हते, आणि ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्या मटेरिअलमध्ये न वापरलेला रंग आपणहून फाइलमध्ये घालत नाहीत. `Color Attribute` नोड `Base Color` ला जोडला, काम झालं.

मागचं आकाश म्हणजे पानाच्या पार्श्वभूमीचा साधा उभा `linear-gradient`, रेंडररला `alpha: true`. क्षितिजाकडचा रंग आणि हेमिस्फिअरचा वरचा रंग एका घरातले ठेवा. आकाश केशरी आणि पैलूंवरचा उजेड निळा असं झालं की डोंगर पाठीमागच्या चित्रावर चिकटवल्यासारखा दिसतो.

घसरगुंडी म्हणणाऱ्याला लिंक पाठवली. त्याने फिरवून बघितलं आणि विचारलं, "नळीची वाट कुठाय?" ती घळ ३० मीटरच्या डेटात धड येत नाही आणि हाताने आखलेल्या ४८ बिंदूंतही ती सुटली आहे. चार हजारांतले तीनेकशे त्रिकोण अजून शिल्लक आहेत. घळीसाठी कड्याची पट्टी उत्तरेच्या टोकाला पुन्हा उसवावी लागेल. बेलपाड्याकडून घेतलेले, घळीचं तोंड आणि वरचा माथा एकाच चौकटीत असलेले फोटो कुणाकडे असतील तर हवे आहेत; माझ्याकडचे सगळे वरून खाली बघताना काढलेले आहेत.